काका, हे दोन मेसेज असे पाठवा

काका, तुमचे दोन्ही मेसेज नीट लिहून दिलेत, तसेच फॉरवर्ड करा.

तुमचा: ‘ताई कारागीर गावाला गेलाय, ब्लाउज झाले की सांगतो.’

आता: ‘नमस्कार ताई. तुमचे दोन ब्लाउज 12 जूनला द्यायचे ठरले होते. कारागीर अचानक गावी गेल्यामुळे ते आता 16 जूनला संध्याकाळी 6 नंतर मिळतील. तसदीबद्दल क्षमस्व. कटिंग आणि मशीनची शिलाई झाली आहे; हूक आणि हेमिंग तेवढं बाकी आहे. घरचं कार्य 20 तारखेला आहे हे वहीत लिहून ठेवलंय, त्यामुळे फिटिंगमध्ये काही कमी-जास्त वाटलं तर त्याआधी करून देऊ. दादरला येणं जमणार नसेल तर माहीमला घरपोच पाठवू, त्याचे वेगळे पैसे नाहीत.’

तुमचा: ‘पाऊस बघताय ना, आज नाही जमणार.’

आता: ‘नमस्कार. हिंदमाताला पाणी भरल्यामुळे आज डिलिव्हरी निघू शकली नाही. फॉल-पिको केलेली साडी दुकानात कोरडी आहे. उद्या, 13 जूनला दुपारी 1 च्या आत पोहोचेल.’

16 तारीख कारागिराला फोन करून पक्की केलीय. खाली पुन्हा ‘बघतो’ लिहू नका, लगेच फोन सुरू होतात.