पम्याच्या चाळिशीचं उधारीचं खातं

(१५ ऑगस्ट, रात्री आठ, पम्याच्या गच्चीवर. केक कापायच्या आधीच वाचायचं. नंतर वाचलं तर तो खाण्यात गुंतलेला असतो आणि अपमान वाया जातो.)

सोन्याची किरणं, मोत्यांचं दव पाठवणार होतो सकाळी मी,
पण साडेनऊला उठणाऱ्याला किरणांची कसली हमी?
फुलांचा सुगंध दारी ठेवला तर शिंकत बसशील दिवसभर,
म्हणून म्हटलं, जाऊ दे ते, लिहू जे आहे खरोखर.

पम्या गड्या रे, चाळिशी लागली, आता तरी बस सरळ,
तुझ्या नावावर पस्तीस वर्षांची साठली माझी गरळ.
वही उघडली, चष्मा लावला, काढतोय एकेक नोंद,
केककडे बघणं थांबव आधी, आणि मिट जरा तोंड.

पंधरा ऑगस्ट! देशात कुणाचा एवढा गाजतो जन्मदिन?
शाळेत आपल्या झेंडावंदन, तू मात्र भलत्यात तल्लीन.
तुला वाटायचं, बँड वाजतो तो तुझ्याच वाढदिवसाला,
प्रभातफेरी निघते अख्ख्या साताऱ्यात तुझ्या हौसेला.

मोती चौकातून फेरी निघाली की हात हलवत चालायचास,
गॅलरीतल्या आज्यांना वाकून 'थँक्यू, थँक्यू' म्हणायचास.
चौथीत बाईंनी फोडलं भांडं, 'देशाचा सण हा, तुझा नव्हे!'
'लिमलेट नकोच,' म्हणालास रुसून, 'मला माझं संचलन हवे!'

(इथे काकू मान हलवतील. त्यांनीच सांगितलंय मला, तेही हसून हसून डोळे पुसत.)

सातवीत माझ्या पेपरात बघून उत्तरं उतरवलीस छान,
नक्कल इतकी प्रामाणिक, की सोडलं नाहीस पहिलं पान.
एकाच नावाचे दोन पेपर बघून मास्तर झाले थक्क,
छड्या मात्र मलाच दोन, 'नाव तुझं ना? मग तुझा हक्क!'

आता घेऊ वेळेचं खातं. बस रे नीट, पळू नकोस,
'आलोच जरा फोन घेऊन' म्हणत जिन्याकडे वळू नकोस.

'निघालोच बघ, पाच मिनिटांत!' हे वाक्य तुझं जगप्रसिद्ध,
मागे बादलीत तांब्या वाजतो, तिथेच होतं सगळं सिद्ध.
'नवले पुलावर आहे,' सांगतोस, ट्रॅफिकला देतोस दोष,
मागून वहिनी, 'ओल्या पायांनी फिरू नका हो, धरा जरा होश!'

पृथ्वी आपली पाच मिनिटांत फिरते सव्वा अंशभर,
तुझी पाच मिनिटं भरेपर्यंत चंद्र येतो डोक्यावर.

तुझंच लग्न, तुझाच मुहूर्त, अक्षता साऱ्यांच्या हातात,
अंतरपाट धरून दोघांच्या गोळे आले दंडात.
नवरदेव कुठे? शोधत शोधत पोचलो पोवई नाक्यावर,
तर फेटा मांडीवर, उसाचा रस, 'बर्फ टाका हो अजून यावर!'

(वहिनी, हे तुम्हाला आज कळतंय, मला माहीत आहे. तेव्हा आम्ही 'गाडी पंक्चर झाली' म्हणालो होतो.)

सन २००७, स्वारगेट स्टँड, तुझं पाकीट 'घरी राहिलं',
तीनशे रुपये दिले मी तुला, त्यानंतर ते नाही पाहिलं.
तीनशे नाही रे, तुझं पाकीट! अठरा वर्षं झाली पुरी,
हॉटेलात बिल आलं की नेमकं बिचारं राहतं ते घरी.

बिलाची बशी दुरून दिसली की तुझे हात होतात घाण,
बडीशेप संपेपर्यंत चालतं बेसिनवरती स्नान.
आता तर सगळं फोनवर आलं, वाटलं, सरलं पाकीटपुराण,
तर 'सर्व्हर डाउन आहे' म्हणतोस, तोंड करून अगदी अजाण.

आणि आता ती छत्री.

(इथे मी पाणी पिणार. विषय माझ्या जवळचा आहे.)

काळी छत्री, लाकडी मूठ, बाबांनी घेतलेली, माझी,
सन २००९, कासचा पाऊस, आणि तुझी ती नाटकबाजी.
'उद्या देतो रे,' म्हणत नेलीस, तो उद्या काही उगवेना,
सोळा पावसाळे भिजतोय मी, तुझ्या मनाला लागेना.

परवा तुझ्याच दारामागे दिसली मला ओळखीची,
मूठ तीच, काड्या त्याच, मालकी तेवढी बदलली तिची.
मी न्याहाळतोय, तू म्हणालास, 'भिजू नकोस, ही घे, वापर,
पण परत करायला विसरतोस तू,' माझ्याच डोक्यावर खापर!

(थांबा, थांबा, टाळ्या नकोत. मी खरंच दुखावलेला आहे.)

दर जानेवारीत जिम लावतोस, नवे बूट, नवी बाटली,
फेब्रुवारीत त्याच बाटलीत मनीप्लँटची वेल थाटली.
ट्रेडमिलवर चाललास एकदा, तेही फोटो काढेपर्यंत,
घाम कुठला? नळाचं पाणी शिंपडलंस कानापर्यंत.

'सोमवारपासून गोड बंद,' हे ऐकतो मी दर रविवारी,
सोमवारी तोंडात कंदी पेढा, 'हे गोड नाही, हे सातारी!'
तुझ्यातलं वेळेवर पोचतं असं एकच, ते तुझं पोट,
दोन पावलं पुढेच असतं, मागून येतात तू आणि कोट.

केस मात्र तुझे शहाणे, गेले शांतपणे निघून,
कपाळ चाललंय अजिंक्यताऱ्यावर एकेक बुरूज जिंकून.
जास्त बोलत नाही, कारण माझाही आहे तोच रस्ता,
दोघांत मिळून एक कंगवा, तोही पडून असतो नुसता.

स्कूटरचा काटा तुझ्यासारखा, कायम आडवा, कायम खाली,
वारज्याहून कर्वे रोडपर्यंत ढकलत न्यायची पाळी आली.
मी ढकलतोय, तू हँडल धरून वर बसून देतोस सूचना,
'जरा जोर लाव, उतार येतोय!' तो उतार पुण्यात येईना.

गाण्याबद्दल बोलत नाही, सोसायटीत झालाय ठराव,
तरी गणपतीत माइक दिसला की सुरू तुझा सराव.
आरती संपते, तू संपत नाहीस, प्रसाद होतो गार,
बाप्पा पुटपुटतो, 'दीडच दिवस बरे होते यार!'

आता सगळ्यांनी माझ्यामागून म्हणा. ग्रुपवरच्या सगळ्यांना पाठ आहे हे.

ग्रुपचं नाव 'गोवा फिक्स',
सन २०१२ पासून फिक्स.
हॉटेल फिक्स, गाडी फिक्स,
तारीख तेवढी होईना फिक्स.

एकदा निघालो! खरंच निघालो!
पहाटे पाचला (म्हणजे दहाला),
खेड शिवापूरला उतरलो आपण
दोनच मिनिटं, फक्त चहाला.

चहावर वडा, वड्यावर मिसळ,
मिसळीवर ताक, ताकावर डुलकी,
तिथंच संपली गोव्याची वाट,
'ट्रिप म्हणजे कशी, हलकीफुलकी!'

फुलाफुलांचा शर्ट घालून तू,
मागे टोलचा नाका,
खाली लिहिलंस, 'बीच लाइफ',
लाइक करून गेले काका.

वहिनी, तुमची खरंच कमाल, आम्ही तर आठवड्याला भेटतो,
तुम्ही हा नग रोज सांभाळता, तरी चेहरा ताजा वाटतो.
लेक तुमची सहा वर्षांची, बापावर गेली नाही, बस!
बोलायला लागली तेव्हाच म्हणाली, 'बाबा, गेली ना बस!'

(नावे बाजू संपली. आता डावीकडचं जमेचं पान. तिथे एकच नोंद आहे, पण जरा लांबलचक आहे.)

जमेच्या पानावर ओळ एकच, २०२३, महिना जून,
रात्रीचे अडीच, बाबा पडले न्हाणीत पाय घसरून.
थरथरत्या हातानं फोन लावला, झोपेत म्हणालास, 'आलोच, थांब,
पाच मिनिटांत.' मी म्हटलं, झालं! याची पाच मिनिटं लांब.

तेवढ्यात खाली स्कूटर वाजली. पाचवंच होतं ते मिनिट!
जिन्यात धापा, शर्ट उलटा, चपला सुद्धा नव्हत्या नीट.
एका पायात तुझी स्लीपर, दुसऱ्यात वहिनींची, वर मोती,
तशाच पायांनी बाबांना आणलंस, जिन्यात लाइटही नव्हती.

दवाखान्यात रात्रभर बाकावर बसलास माझ्या शेजारी,
बसलास कसला! घोरलास असा, की उठले सगळे आजारी.
सिस्टरनी बाहेर काढलं तुला, पायरीवर जाऊन झोपलास,
सकाळी दोन कप चहा घेऊन तूच मला उठवलंस.

आणि पैसे? पैसे तूच दिलेस! पाकीट होतं, मी पाहिलं!
तपकिरी आहे, कडेला उसवलंय. कधी कुठं घरी राहिलं?
बाबा अजून विचारत असतात, 'तो मोतीवाला येतो का रे?'
तू येणार हे कळलं की काठी टेकत उघडतात दार रे.

तेव्हा तीनशे रुपये सोडले, व्याजसुद्धा माफ केलं,
बेसिनवरच्या आंघोळींचं बिल कृष्णेत वाहून गेलं.
घड्याळ आणलंय भेट म्हणून, तासभर पुढे केलाय काटा,
त्यातूनही तू उशिरा आलास, तर शोधू नवसाच्या वाटा.

पोट सुटू दे, टक्कल पडू दे, उशिरा ये, पण येत राहा,
आमच्याच पैशानं शंभर वर्षं कटिंग चहा तू पीत राहा.

(पाऊस आला नाही तरी पुढचं कडवं तसंच वाचायचं. ऑगस्ट आहे, येईल.)

काप तो केक, ढग आलेत वर, थेंब पडतोय मेणबत्तीवर,
पळा रे खाली! आणि पम्या, ती छत्री आण, ती, लवकर!
उघड, धर नीट, दोघांवर धर, माझ्या खांद्याकडे झुकव,
जाताना नेतो. 'उद्या देतो रे!' चल, आता मेणबत्ती विझव.