लेखी ताकीद: ग्राइंडर लॉक न करता उघडल्याबद्दल

दिनांक: 14 मार्च 2025
प्रति: टोकन क्र. 417, ग्राइंडर ऑपरेटर, मोल्डिंग विभाग

बुधवार, 12 मार्च रोजी दुसऱ्या पाळीत दुपारी 4:20 वाजता ग्राइंडर क्र. 2 मध्ये रनरचा गठ्ठा अडकला. तुम्ही फक्त लाल बटण दाबून मशीन थांबवलं, हॉपर उघडला आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घालून गठ्ठा ओढत होतात. पॅनेलवरचा आयसोलेटर चालूच होता. त्याला तुमचं कुलूप नव्हतं, टॅगही नव्हता. सुपरवायझरनी तिथेच काम थांबवलं. दुखापत झाली नाही, तरी ही चूक गंभीर आहे.

लाल बटणाने मोटर थांबते, पण पॅनेलपर्यंत वीज येतच असते. मागच्या बाजूने कोणी हिरवं बटण दाबलं किंवा कॉन्टॅक्टर बिघडला, तर रोटर फिरू शकतो. हॉपर उघडल्यावर मशीन बंद ठेवणारा स्विच आहे, पण तोही अडकू शकतो, म्हणून हात घालताना त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

दुसरा धोका वीज बंद केल्यावरही उरतो. रोटर अडकला की पट्टा ताणलेला राहतो. गठ्ठा सुटताक्षणी त्या ताणाने रोटर झटका घेतो. पाती आणि स्थिर ब्लेड यांच्यात केसाएवढीच फट आहे. बोट तुटायला पाव फेराही पुरतो.

यापुढे गठ्ठा असा काढायचा: मशीन थांबवा, आयसोलेटर बंद करा, स्वतःचं कुलूप व टॅग लावा. चावी स्वतःच्या खिशात ठेवा, दुसऱ्याकडे देऊ नका. मग हिरवं बटण दाबून पाहा. मशीन सुरू झालं नाही तरच हॉपर उघडा. रोटरला लाकडी ठोकळा लावा. कटप्रूफ हातमोजे घाला, कारण थांबलेलं पातंही कापतं. गठ्ठा लोखंडी आकड्यानेच ओढा. शेवटी ठोकळा आणि आकडा बाहेर आल्याची खात्री करून हॉपर बंद करा, मगच कुलूप काढा.

“दोन मिनिटांचं काम होतं, कुलुपांची पेटी लांब आहे,” असं तुम्ही सांगितलंत. पेटी लांब आहे हे खरं. ती शनिवारपर्यंत ग्राइंडरशेजारी बसवली जाईल. पण पेटी लांब असली तर गठ्ठा तसाच ठेवून सुपरवायझरना बोलवायचं. त्या वेळात उत्पादन थांबलं, तर त्याचा जाब तुम्हाला विचारला जाणार नाही.

सोमवार, 17 मार्चला सकाळी 9 वाजता तुमचं पुन्हा प्रशिक्षण होईल. वरची सगळी कृती सुपरवायझरसमोर करून दाखवेपर्यंत तुम्हाला ग्राइंडरवर काम दिलं जाणार नाही. या पत्रामुळे पगार कापला जाणार नाही. मात्र असं पुन्हा घडल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. तुमचं म्हणणं वेगळं असेल, तर 3 दिवसांत लिहून द्या. ते या पत्रासोबत फाइलला लावलं जाईल.

उत्पादन व्यवस्थापक
प्रत: सुरक्षा अधिकारी, मोल्डिंग सुपरवायझर

पोच: हे पत्र मला वाचून दाखवलं, समजलं आणि एक प्रत मिळाली. टोकन क्र. 417