वडिलांच्या खात्यातली शिल्लक वारसांना मिळण्याबाबत

मा. मॅनेजर साहेब,

माझे वडील ३ मार्चला वारले, त्यांचं सेव्हिंग खातं तुमच्याच ब्रँचला आहे (शेवटचे आकडे ४१२७), नॉमिनी आई होती पण ती आधीच गेली, म्हणून आम्ही दोघं भावंडं वारस या नात्याने शिल्लक आणि व्याज मागतोय. मृत्यू दाखला, कोर्टाचं वारस प्रमाणपत्र, दोघांचं केवायसी, पासबुक, उरलेले चेक सोबत जोडलेत. पैसे माझ्या खात्यात द्यायला बहिणीची सहीनिशी नाहरकत आहे, तिचा वाटा मी देणारच. उद्या तिसरं कुणी हक्क सांगत आलं तर बँकेचं नुकसान मी भरून देईन, तसा दोन जामीनदारांच्या सह्यांचा इंडेम्निटी बॉन्ड दिलाय. बाबांची पेन्शन मृत्यूनंतरही जमा झाली असेल तर ती आधी वळती करून घ्या, आम्हाला नको. काही कमी असेल तर सगळं एकदाच लेखी कळवा.

आपला,
महेश
(खातेदारांचा मुलगा)