निरोपाच्या भाषणाची सुरुवात आणि नव्यानं लिहिलेला शेवट

सुरुवात (होती तशीच ठेवली)

मंडळी, 1992 चा जून संपत आला होता. उन्हामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, आणि तोवर पाऊस येऊन बसलेला असतो. एसटीनं मला फाट्यावर उतरवलं. तिथून गावापर्यंत तीन किलोमीटर नुसती काळी माती. नव्या चपला घालून निघालो. शंभर पावलांत पाय मणामणाचे झाले आणि डावी चप्पल चिखलातच राहिली. बैलांमागून येणाऱ्या एका पोरानं कोपरापर्यंत हात घालून ती काढली आणि म्हणाला, "गुरुजी, हातात घ्या. या मातीले चप्पल आवडत नाही." मी गुरुजी आहे हे त्याला कसं कळलं कोण जाणे. अशा चिखलात चप्पल घालून दुसरं येणार तरी कोण!

शेवट (खोडून पुन्हा लिहिला)

काल रात्रीपर्यंत या भाषणाचा शेवट 'ज्ञानाचा दिवा तेवत ठेवा' असा होता. सकाळी वाचला आणि खोडला. आपल्याकडं दिवा म्हटलं की आधी लोडशेडिंग आठवते.

त्या पोराचं बोलणं मी चिखलापुरतं समजलो होतो. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली आणि चौथीच्या वर्गात सहाच पोरं उरली. मी रागानं हजेरीपट घेऊन वावरात गेलो. पाहतो तर, किलोवर मजुरी ठरलेली, आणि ज्या पोरीला फळ्यावरचा गुणाकार येत नव्हता ती आईच्या कापसाचे पैसे बोटांवर काढून हिशेब करणाऱ्याची चूक दाखवत होती. त्या दिवशी मी धुऱ्यावर बसलो. किलो आणि क्विंटल तिथंच शिकवले. खरं सांगायचं तर तिथंच शिकलो.

ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती त्या भेगांत पडते, पावसात सगळं फुगून एक होतं. खालचं वर, वरचं खाली. 34 वर्षांत माझंही तसंच झालं. मी शिकवायला आलेलो माणूस कधी खाली गेलो, ते कळलंही नाही.

चप्पल काढून देणारा तो पोरगा आज शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून इथं बसलाय. बापू, मघाशी तू म्हणालास, गुरुजी, गाडीनं फाट्यावर सोडतो, आता डांबरी रस्ता आहे. गाडीत सामान ने. मी धुऱ्याधुऱ्यानं येतो, चपला हातात घेऊन.

आणि हातातून सुटून एखादी चप्पल चिखलात पडलीच, तर बापू, या खेपेला काढू नको. राहू दे इथंच.