हुकुमचंद मिल्सच्या स्थापनेच्या कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळण्याबाबत

इंदूर, १२ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. कंपनी निबंधक, मध्य प्रदेश
संजय कॉम्प्लेक्स, जयेंद्रगंज
ग्वाल्हेर

विषय : हुकुमचंद मिल्स लिमिटेड, इंदूर या कंपनीच्या स्थापनेच्या कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळण्याबाबत. कंपनी कायदा, २०१३, कलम ३९९.

महोदय,

मी एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे महाविद्यालय इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाशी संलग्न आहे. इंदूरच्या कापड मिलांचे भांडवल कोणी आणि कसे उभे केले, या विषयावर मी लघुप्रबंध लिहीत आहे. त्यातले एक प्रकरण हुकुमचंद मिलवर आहे आणि ते एका कागदापाशी अडले आहे. तो कागद आपल्या कार्यालयात असावा असे वाटते, म्हणून हा अर्ज.

मला पुढील कागदांच्या प्रमाणित प्रती हव्या आहेत. कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र. मेमोरँडम ऑफ असोसिएशन, शेवटच्या सह्यांच्या पानासकट. मूळ आर्टिकल्स ऑफ असोसिएशन. शिवाय नाव बदलल्याचे किंवा नंतर नवीन प्रमाणपत्र दिल्याचे काही फाइलमध्ये असेल तर तेही.

यातले मेमोरँडमचे शेवटचे पान मला सर्वांत महत्त्वाचे आहे. नाव, नोंदणीकृत कार्यालय, उद्देश, जबाबदारी आणि भांडवल ही कलमे आधीच्या पानांवर असतातच. पण खाली सह्या करणारे पहिले सभासद कोण, त्यांनी आपला पत्ता आणि धंदा काय लिहिला, कोणी किती शेअर घेतले आणि साक्षीला कोण होते, हे त्या एकाच पानावर सापडते. मिल सर सेठ हुकुमचंदांची, हे इंदुरात लहान मूलही सांगेल. त्यांच्या शेजारी आणखी कोणी सही केली, हे मात्र मला अजून कोणी सांगितलेले नाही. म्हणून या पानाची प्रत काढताना शिक्के, समासातल्या नोंदी आणि मागच्या बाजूचे काही लिखाण असल्यास तेही घ्यावे, ही विनंती. होळकर दरबाराच्या काळातला कागद आहे, तेव्हा एखादी ओळ मोडीत असली तरी ती वगळू नये. मला मोडी वाचता येते, सावकाश पण येते.

दुसरी अडचण तारखेची आहे. मिलचा भोंगा पहिल्यांदा कधी वाजला आणि कंपनी कागदावर कधी नोंदली गेली, या दोन वेगळ्या तारखा आहेत. बोलताना आणि छापतानाही लोक त्या एकच धरतात. शिवाय नोंदणी संस्थानी काळातली, म्हणजे कोणत्या कायद्याखाली झाली हाही प्रश्न आहे. होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात गेले, भारतीय कंपनी कायदा, १९१३ इकडे १ एप्रिल १९५१ पासून लागू झाला आणि मध्य प्रदेश तर १ नोव्हेंबर १९५६ ला झाला. एवढ्या फेरफारातून फाइल आपल्यापर्यंत आली असेल, तर प्रमाणपत्रावर कायद्याचे नाव असेल. माझ्या प्रकरणाची पहिली ओळ त्यावरच अवलंबून आहे.

कंपनीचा सीआयएन क्रमांक मला मिळालेला नाही, म्हणून नावानेच ओळख देत आहे. माझ्या आजोबांनी मिलच्या टाइम ऑफिसात काम केले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत प्रॉव्हिडंट फंडाची एक पिवळी पडलेली चिठ्ठी निघाली, तिच्यावरून मी नाव उतरवले आहे. चिठ्ठीची घडी नेमकी नावावर पडली आहे, त्यामुळे सुरुवातीचे 'दि' आणि शेवटचे 'लि.' की 'लिमिटेड' हे लागत नाही. नोंदवहीत दोन्ही रूपांनी पाहावे. त्याच सेठजींची राजकुमार मिलही इंदुरातच होती आणि बंगालमध्ये नैहाटीजवळ हुकुमचंद ज्यूट मिल होती. त्या दोन्ही कंपन्यांचे कागद मला नको आहेत. मला १९९१ च्या डिसेंबरात बंद पडलेली, कापडाची, इंदूरची हुकुमचंद मिल हवी आहे.

एमसीएच्या संकेतस्थळावरून प्रमाणित प्रत मागवता येते, हे मला माहीत आहे. मात्र त्यासाठी कागद आधी स्कॅन होऊन तिथे चढलेला असावा लागतो. एवढा जुना कागद स्कॅन झाला आहे की अजून फडक्यात बांधलेला आहे, हे बाहेरून कसे कळणार? संकेतस्थळावरच मिळण्यासारखा असेल, तर फक्त सीआयएन कळवावा, बाकीचे मी करीन. कंपनी अवसायनात असल्याने मूळ फाइल शासकीय अवसायकांकडे गेली असेल, तर तसे एका ओळीत कळवले तरी माझा हेलपाटा वाचेल.

शुल्क मी भरणार आहे. नियमांप्रमाणे नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रतीला १०० रुपये आणि इतर कागदांना पानामागे २५ रुपये, असे मी धरून चालले आहे. आर्टिकल्स किती पानांचे आहेत याचा अंदाज नाही, म्हणून आधी पानांची संख्या आणि एकूण रक्कम कळवावी. आपण सांगाल त्या पद्धतीने रक्कम भरून पावती पाठवीन. रक्कम फार होत असेल तर आर्टिकल्स सोडून द्यावेत. प्रमाणपत्र आणि मेमोरँडम मात्र मला लागतीलच.

साधी झेरॉक्स चालली असती, तर एवढा त्रास दिला नसता. पण प्रबंधाच्या परिशिष्टात लावायचा कागद प्रमाणित हवा, असे मार्गदर्शक मॅडमचे म्हणणे आहे आणि त्यांच्यापुढे माझे चालत नाही. प्रबंध ३० सप्टेंबरला द्यायचा आहे. कागद जीर्ण असल्याने प्रत काढता येत नसेल, तर पाहणीचे शुल्क भरून मी तिथे येऊन वाचायला तयार आहे. दिवस कळवावा, आदल्या रात्रीच्या गाडीने निघेन.

हे पत्र मराठीत आहे, कारण टपालात टाकण्याआधी आजोबांना वाचून दाखवायचे होते. त्यांनी दोन ठिकाणी 'गिरणी' खोडून 'मिल' करायला लावले, इंदुरात गिरणी म्हणजे पिठाची, म्हणाले. सोबत पूर्ण हिंदी प्रत जोडली आहे, कामकाजासाठी तीच धरावी.

आपली विश्वासू,

अनघा मोघे
रामबाग, इंदूर

सोबत : अर्जाची हिंदी प्रत, महाविद्यालयाच्या ओळखपत्राची प्रत, मार्गदर्शकांचे शिफारसपत्र, प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठीची झेरॉक्स (फक्त नावासाठी, मूळ चिठ्ठी आजोबा हातची सोडत नाहीत), स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकिटे लावलेला मोठा लिफाफा.