शहराचा पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे द्यावा का? वादविवादाचे मुद्दे

मुलांनो, शनिवारी कोणती बाजू मिळणार हे चिठ्ठी उघडल्यावरच कळेल, म्हणून दोन्ही बाजू तयार ठेवा. मला स्वतःला प्रतिकूल बाजू पटते, पण अनुकूल मुद्दे मी मुद्दाम कच्चे ठेवलेले नाहीत.

आधी 'खाजगी' म्हणजे काय ते स्पष्ट करा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८९ साली जलवाहिन्या, शुद्धीकरण केंद्रं असं सगळंच विकलं गेलं. नागपुरात तसं नाही. तिथे २०१२ पासून २५ वर्षांचा करार आहे, मालकी महापालिकेची आणि काम चालवायचं कंपनीने. हा फरक सांगितला नाही तर समोरचा संघ पहिल्याच मिनिटात पकडेल.

अनुकूल बाजू

सुरुवात नळापासून करा. पाणी ठरावीक वेळीच सोडलं की उरलेला वेळ नळी रिकामी राहते. रिकाम्या नळीला कुठे तडा असेल तर शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी तेच आपल्या हंड्यात येतं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, ती घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. नळीत चोवीस तास दाब राहिला तर बाहेरचं पाणी आत येत नाही. बेळगाव आणि हुबळी-धारवाडच्या काही भागांत २००८ च्या सुमारास खाजगी कंपनीच्या हाताने चोवीस तास पाणी सुरू झालं. बेळगाव आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे, हे आवर्जून सांगा.

दुसरा मुद्दा अर्जेंटिनाचा. १९९० च्या दशकात जिथे पाणीपुरवठा खाजगी झाला, तिथे बालमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी घटले आणि सर्वांत गरीब वस्त्यांत २६ टक्क्यांनी, असं अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात आढळलं. "खाजगी म्हणजे गरिबाच्या विरोधात" म्हणणाऱ्याला हे उत्तर द्या.

गळतीचा मुद्दा थोडक्यात मांडा: वाया गेलेल्या पाण्याचा फटका कंपनीच्या खिशाला बसेल असा करार केला, तर ती गळती शोधते.

प्रतिकूल बाजू

दूध पातळ आलं तर आपण गवळी बदलतो. नळ बदलता येत नाही. एका गल्लीत दोन कंपन्यांच्या नळ्या कधीच नसतात, त्यामुळे स्पर्धेने दर उतरतील ही अपेक्षा पाण्याला लागूच पडत नाही. माझ्या मते हा तुमचा सर्वांत बळकट मुद्दा आहे, तो घाईत उरकू नका.

बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात खाजगी करारानंतर पाण्याचे दर एकदम वाढले. २००० साली लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला करार मोडावा लागला. पॅरिसचं उदाहरण त्याहून चांगलं, कारण ते श्रीमंत शहर आहे. १९८५ पासून तिथे पाणी खाजगी कंपन्यांकडे होतं. २०१० मध्ये नगरपालिकेने ते परत घेतलं आणि पुढच्याच वर्षी दर ८ टक्क्यांनी उतरवला.

आता कोल्हापूर. रस्त्यांच्या टोलचं आंदोलन इथल्या सभागृहात सगळ्यांना आठवेल. लोकांना न विचारता केलेला करार पुढे किती जड जातो, हे आपण पाहिलंय.

पण मी सर्वांत जास्त जोर पुरावर देईन. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली. शहराला पाण्याचा वेढा आणि नळ कोरडे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टँकर आला, तेव्हा शेजारच्या आजी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कळशी घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्या दिवसांत लोकांनी नगरसेवकाला फोन केले, त्याच्या दारात जाऊन जाब विचारला. कंपनीच्या करारात बहुधा नैसर्गिक आपत्तीचं कलम असतं आणि त्या काळात जबाबदारी सैल होते. आपल्याकडे पूर वरचेवर येतो, मग आजींनी कुणाच्या दारात जायचं? हा प्रश्न विचारून क्षणभर थांबा.

समोरून येणारे प्रश्न

"महापालिकाच काम करत नाही, त्याचं काय?" प्रतिकूल बाजूने हे नाकारू नये. काळम्मावाडीची थेट पाईपलाईन किती वर्षं रखडली आणि २०२३ च्या दिवाळीत पाणी आलं, हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. उत्तर असं द्या: ओडिशातल्या पुरीत २०२१ पासून नळाचं पाणी थेट पिता येतं आणि ते काम सरकारी यंत्रणेनेच केलं.

"मग पॅरिसचं काय?" असं अनुकूल बाजूला विचारतील. तुम्ही अमेरिकेतलं फ्लिंट सांगा. २०१४ नंतर तिथे पाण्यात शिसं आलं आणि ती व्यवस्था सरकारीच होती.

गुरुवारी येताना प्रत्येकाने घरचं पाणीपट्टीचं बिल आणा. त्यातला दर आणि वापर वाचून दाखवता आला पाहिजे. सराव मधल्या सुट्टीनंतर वाचनालयात, प्रत्येकाला चार मिनिटं.