शिक्षक दिन, ५ सप्टेंबर: दहावीच्या वर्गाकडून सरांना आणि मॅडमना चारोळ्या

आदरणीय मुख्याध्यापक सर, सगळे सर, सगळ्या मॅडम, ऑफिसमधले मामा, मावशी आणि खाली मांडी घालून बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, नमस्कार. मी दहावी अ मधली. भाषण करणार नाहीये, घाबरू नका, भाषणं मघाशी तीन झालीत आणि पाचवीतली दोन पोरं झोपलीत पण. डॉ. राधाकृष्णन यांचा जन्म १८८८ चा, ते राष्ट्रपती झाले १९६२ ला आणि तेव्हापासून त्यांच्या वाढदिवसाला आपण शिक्षक दिन करतो, हे मघाशी सगळ्यांनीच सांगितलं म्हणून मी डायरेक्ट चारोळ्यांवर येते.

आज सकाळी स्वयंशासन होतं, मला पाचवीवर मराठीचा तास दिला होता. साडी मोठ्या ताईची, पिना सतरा ठिकाणी, आणि काय झालं ते ऐका.

खडू घेतला, फळ्यापाशी ऐटीत जाऊन उभी राहिले,
मागं वळून वर्गाकडं एकदाच फक्त पाहिले,
पाचवीची ती अख्खी फौज माझ्याकडंच टक लावून,
पाठ केलेलं सगळं माझं तिथल्या तिथं गेलं वाहून!

दहाच मिनिटं शिकवलं अन् घसा माझा बसला,
"मॅडम, पाणी पिऊन येऊ?" मागचा बाक हसला,
सर, मॅडम, तासावर तास तुम्ही कसे हो घेता?
शेवटच्या तासालाही वर्गात हसतच कसे येता?

(हसू नका रे पाचवी, तुमचं नाव मी वहीत लिहून ठेवलंय.)

आता एकेका विषयाला येते. सुरुवात गणितापासून, कारण सगळ्यात जास्त त्रास आम्ही तिथंच दिलाय.

बाजू बदलली की चिन्ह बदलतं, शंभरदा सांगितलं,
शंभरदा मी विसरले अन् परत परत मागितलं,
सर तुम्ही ना खडू फेकला, ना कधी वैतागलात,
"बरं, परत बघू" म्हणत पुन्हा फळ्याशी लागलात.

मराठीच्या मॅडम, तुमच्यासाठीची चारोळी मी चारवेळा तपासलीय, तरी ऱ्हस्व दीर्घ चुकलं असेल तर कागद नंतर देते, लाल पेन तुमच्याकडं असतोच.

वेलांटी माझी पहिली-दुसरी वाटेल तिथं पडायची,
लाल गोलांनी भरलेली वही बघून मी रडायची,
निबंधाखाली एकदा लिहिलंत, "छान. अजून लिही",
मॅडम, घरी कपाटात जपून आहे ती वही.

इंग्रजीच्या सरांबद्दल सांगायचं तर आमच्या वर्गातली निम्मी पोरं वाड्यावस्त्यांवरची, घरात इंग्रजी म्हणजे फक्त औषधाच्या बाटलीवर आणि खताच्या पोत्यावर, त्यामुळं उभं राहून वाचायला सांगितलं की पोटात गोळा यायचा.

उच्चार चुकेल, हसतील सगळे, तोंडच उघडत नव्हतं,
धडा होता एका पानाचा, पान संपत नव्हतं,
"चुकू दे, पण मोठ्यानं चूक" असं सर तुम्ही म्हणालात,
वर्ग हसला तेव्हा तुम्हीच माझ्या बाजूनं झालात.

विज्ञानाच्या मॅडम कुठं बसल्यात? हां, दिसल्या. लिटमसचा तास आठवतोय ना?

घरनं आणलेलं ताक, लिंबू, कुणी चिंचेचा कोळ,
निळा लिटमस लाल झाला, वर्गात उठला कल्लोळ,
दोन ओळींचा धडा मॅडम, तुम्ही तासभर खुलवला,
परीक्षेत तो आला तेव्हा ताकाचा वास आठवला!

पीटीचे सर खुर्चीवर कधी बसत नाहीत, आत्ता पण बघा खांबाला टेकून उभेच आहेत.

तालुक्याला खो-खोत हरलो, तोंडं पाडून बसलो,
सरांनी गाड्यावर भेळ दिली अन् खाता खाता हसलो,
ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत मुळी,
"उद्या सहाला ग्राउंडवर या" म्हणत वाजवली टाळी.

मुख्याध्यापक सर, तुमच्या चारोळीला वर्गात सगळ्यांनी मला थांबवलं होतं, म्हणाले ही नको वाचू, पण मी वाचणारच.

साडेदहाला गेटवर सर, हातात घड्याळ धरून,
आम्ही येतो कंपाउंडच्या मागच्या बाजूनं शिरून,
एसटी चुकली, चालत आलो, भिजून झालो गार,
शिक्षा राहिली बाजूला, सरांनी चहा मागवला चार!

शिकवण्याव्यतिरिक्त तुम्हाला किती कामं असतात हे आम्हाला यावर्षी कळायला लागलंय, स्टाफरूममध्ये वह्या ठेवायला गेलं की निम्मे सर कम्प्युटरपुढं आणि निम्म्यांच्या कानाला फोन. निवडणूक आली की तुम्हीच, सर्व्हे आला की तुम्हीच, आणि नंतर निकाल कमी लागला तर बोलणी पण तुम्हालाच.

मतदार यादी, मीटिंग, सर्व्हे, पोर्टलवर माहिती भरा,
"आजच पाठवा" म्हणून फोन वाजतच राहतो खरा,
बुडालेला तास मग तुम्ही रविवारी जोडता,
आमची झोप मोडता, पण आमचा नाद नाही सोडता.

आणि दोन माणसं अशी आहेत ज्यांना आज कुणी गुलाब दिला नाही, मी दिलाय, पण चारोळी पण पाहिजे.

आठवीपर्यंत ज्यांच्या हातची रोज खिचडी खाल्ली,
"वाळलीस गं" म्हणत ज्यांनी डावभर जास्तच घातली,
त्या मावशी अन् घंटेवाले मामा, शिकवत नाहीत खरं,
पण ते रजेवर असले की शाळेचं चालत नाही बरं!

थोडं सिरियस. आपला सातारा जिल्हा शिक्षकांचा जिल्हा आहे. १९१९ ला कर्मवीर अण्णांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली ती आपल्याच जिल्ह्यातल्या काले गावात, आणि सावित्रीबाईंचं माहेर पण इथलंच, नायगाव, खंडाळा तालुक्यातलं. १८४८ ला पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, आणि तिथं शिकवायला जाताना त्यांच्यावर लोक शेण टाकायचे म्हणून त्या जादा लुगडं बरोबर न्यायच्या. आज सकाळी मला साडी सांभाळत नुसतं स्टाफरूमपासून पाचवीच्या वर्गापर्यंत जायचं होतं तर मी दोनदा अडखळले, तेव्हा हे आठवलं.

नायगावची लेक पुण्यात शिकवायला निघाली,
तिच्या वाट्याला रस्त्यानं शेण अन् माती आली,
पिशवीत एक जादा लुगडं, दुसरी नव्हती ढाल,
आज माझ्या हाती माईक आहे, ही तिचीच कमाल.

या चारोळीला टाळ्या वाजवल्यात त्याबद्दल थँक्यू, मला वाटलं होतं फक्त मुली वाजवतील.

शेवटची एक. ही सगळ्या वर्गानं मिळून लिहिलीय, म्हणजे काही झालं तर एकट्या मला बोलायचं नाही.

थँक्यू म्हणून झालं सगळ्यांना, आता एक अर्ज करते,
स्टेजवरनं विचारतेय, कारण वर्गात जरा घाबरते,
उद्याची ती गणिताची टेस्ट सोमवारी घ्या की, सर,
टाळ्या वाजवा दहावी, आवाज जाऊ दे वर!

सर मान हलवतायत पण हो म्हणून की नाही म्हणून ते इथून कळत नाहीये. असो. आता सहावीच्या मुली स्वागतगीत म्हणणार आहेत, जे सुरुवातीला व्हायला पाहिजे होतं पण पेटी उशिरा आली, तर माईक खाली करून देते, त्यांची उंची पोचत नाही. या गं पोरींनो, वायर ओलांडून या.